सांगलीत मोबाइल रिपेअरिंगचं दुकान टाकताना: एका डिस्प्लेचा पूर्ण हिशोब

मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात कामं शंभर प्रकारची येतात, पण गल्ला भरतो तो मुख्यतः डिस्प्लेवर. फोन पडला, काच फुटली, टच गेला. चार्जिंगची स्ट्रिप, बॅटरी, स्पीकर, माइक ही कामं रोजची असली तरी रक्कम लहान. बोर्डाचं काम मोठं, पण त्याला हात बसायला वर्षं जातात. म्हणून नवीन माणसाने दुकानाचा आराखडा डिस्प्ले बदलण्याच्या कामाभोवती आखावा. माल कुठून आणायचा, वॉरंटी किती द्यायची, फोन कधी परत द्यायचा आणि हातात काय उरतं, या चारही प्रश्नांची उत्तरं त्या एका कामात सापडतात.

जागा आणि कागद

सांगलीत गाळा बघताना भाडं आणि डिपॉझिट विचारण्याआधी एक प्रश्न विचारा: २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथे पाणी किती होतं? मारुती रोड, हरभट रोड, स्टँडचा परिसर इथे गिऱ्हाईक दारात चालत येतं, पण कृष्णेचं पाणीही तिथेच येतं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. तिथला आकडा चाळिशीकडे सरकू लागला की शेजारचे जुने दुकानदार काय हलवायला लागतात ते बघा आणि तुम्हीही तेच करा. डिस्प्लेचा माल हलका असतो, दोन खोक्यांत मावतो, त्यामुळे तो वाचवणं सोपं. खरी जोखीम ग्राहकांच्या दुरुस्तीला आलेल्या फोनची. ते एका कुलुपाच्या डब्यात, जॉब कार्डासकट ठेवायची सवय लावली तर डबा उचलला की काम झालं. विश्रामबाग किंवा मिरज रोडच्या बाजूला गाळा घेतलात तरी आधी त्या गल्लीची चौकशी करा. नाल्याचं पाणी पुलावरचा आकडा बघून येत नाही.

कागदपत्रांचं फार अवघड नाही. हाताखाली एक-दोनच माणसं असतील तर महाराष्ट्राच्या दुकाने कायद्याखाली ऑनलाइन सूचना देऊन पावती घ्यायची. उद्यम नोंदणी फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. माल विकणं आणि दुरुस्तीची सेवा दोन्ही करत असाल तर वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेल्यावर जीएसटी नोंदणी लागते. पण तुम्ही नोंदणीत नसलात तरी पार्टच्या खरेदीवर १८ टक्के तुम्ही भरतच असता आणि ते परत मिळत नाहीत. होलसेलरचा भाव विचारताना 'बिलासकट किती?' असंच विचारा, नाहीतर दोन दुकानांच्या भावांची तुलना चुकते.

पार्ट आणायचा कुठून

सांगलीच्या दुकानदाराला माल मिळतो तो तीन टप्प्यांवर. पहिला टप्पा सांगली-मिरजेतले पार्टवाले. भाव थोडा चढा, पण माणूस पाठवला की अर्ध्या तासात पार्ट हातात. दुसरा कोल्हापूर, पन्नासेक किलोमीटरवर. सकाळी सांगितलं तर संध्याकाळपर्यंत येतं. तिसरा पुणे, बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. मुंबईत मनीष मार्केट आहे, दिल्लीत करोल बागेतलं गफार मार्केट. पुण्याचा माल रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या पार्सलने सकाळी स्टँडवर उतरतो, हाच मार्ग बहुतेकांना परवडतो. दिल्लीचा भाव बघून सुरुवातीलाच मोह धरू नका. तिथून आलेला खराब डिस्प्ले परत पाठवण्यात जाणारा वेळ आणि कुरिअर मिळून फरक संपतो.

पहिल्या महिन्यात डिस्प्लेचा साठा करूच नका. गल्ल्याजवळ एक वही ठेवा आणि दारात आलेल्या प्रत्येक फोनचं मॉडेल त्यात लिहा, काम मिळालं नाही तरी. 'आहे का हो याचा डिस्प्ले?' असं विचारून गेलेला माणूसही नोंदीत आला पाहिजे. महिन्याअखेर जे मॉडेल तीनदा-चारदा दिसेल त्याचे दोन डिस्प्ले आणा, बाकीचे ऑर्डर आल्यावर. एक गोष्ट मात्र लवकर शिकून घ्या: एकच डिस्प्ले बऱ्याच मॉडेलना बसतो. रेडमी ९ए, ९सी आणि पोको सी३ हे त्याचं नेहमीचं उदाहरण. नावं तीन, डिस्प्ले एक. अशा सामायिक डिस्प्लेंची यादी पार्टवाल्याकडून मागून घ्या आणि भिंतीवर लावा. कमी पैशात जास्त मॉडेल हाताशी राहतात.

आता दर्जा. पार्टवाला 'ओरिजिनल' म्हणेल, 'केअर' म्हणेल, 'ओजी' म्हणेल, 'फर्स्ट कॉपी' म्हणेल. हे शब्द दुकानागणिक बदलतात, त्यावर विसंबून भाव ठरवू नका. त्याऐवजी दोन गोष्टी विचारा. पहिली, पॅनल कुठल्या जातीचं आहे. ज्या फोनला कंपनीने अमोलेड दिलं आहे, त्याला बाजारात स्वस्त इनसेल एलसीडीही मिळते. ती बसते, चालतेही. पण ती जाड असल्यामुळे फ्रेममधून थोडी वर राहते, बॅटरी जास्त खाते, आणि काचेखालचा फिंगरप्रिंट चालत नाही, कारण तो सेन्सर पॅनलमधून आरपार येणाऱ्या उजेडावर काम करतो आणि एलसीडीच्या मागचा बॅकलाइटचा थर तो अडवतो. हे ग्राहकाला आधी सांगितलं तर ती त्याची निवड ठरते. नंतर त्याच्या लक्षात आलं तर ती तुमची फसवणूक ठरते, तुम्ही कितीही समजावलं तरी.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: 'गम लावल्यावर परत घेणार का?'

वॉरंटीतली फट

बरेच होलसेलर देतात ती फक्त टेस्टिंग वॉरंटी. म्हणजे डिस्प्ले फोनला जोडून बघा, खराब निघाला तर बदलून देऊ. पण वरची फिल्म काढली, गम लागला, डिस्प्लेची पातळ फ्लेक्स केबल मुडपली किंवा त्यांचं स्टिकर फाटलं की मामला संपला. इकडे ग्राहक तुमच्याकडून महिन्याची वॉरंटी मागतो, आणि द्यावीच लागते, कारण शेजारचा देतो. होलसेलरची वॉरंटी जिथे संपते तिथेच तुमची सुरू होते. मधली जोखीम पूर्ण तुमची, आणि तिचे पैसे कामाच्या दरातच धरलेले असले पाहिजेत.

ही जोखीम कमी करण्याची जागा म्हणजे डिस्प्ले चिकटवण्याआधीची दहा मिनिटं. फोन उघडला की पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर काढा. बॅटरी जोडलेली असताना डिस्प्लेचा कनेक्टर लावला-काढला तर बॅकलाइटचा सर्किट उडतो. मग नवीन डिस्प्ले चांगला असूनही स्क्रीन काळी, टॉर्च मारल्यावर अंधुक चित्र दिसतं. डिस्प्लेचं काम होतं, त्याचं बोर्डाचं होऊन बसतं, आणि तेही स्वतःच्या खर्चाने.

मग नवीन डिस्प्ले फिल्म न काढता, गम न लावता नुसता जोडा. बॅटरी लावा, फोन चालू करा. सॅमसंगमध्ये `*#0*#` डायल केलं की टेस्टचा मेन्यू येतो. रेडमीच्या फोनमध्ये `*#*#6484#*#*`. तिथे लाल, हिरवा, निळा आणि पांढरा पडदा लावून डाग, रेष, कडेचा पिवळेपणा बघा. टचच्या टेस्टमध्ये बोट कोपऱ्यापर्यंत न्या; खराब पॅनल बहुधा कडेलाच दगा देतं. त्यानंतर चार्जर लावून परत टच बघा. नुसत्या बॅटरीवर नीट चालणारा आणि चार्जर लावला की आपोआप बटणं दाबली जाणारा डिस्प्ले हमखास परत येतो, तो त्याच दिवशी बदलून घ्या. कॉल लावून फोन कानाला धरल्यावर स्क्रीन बंद होते का तेही बघा. शेवटी ब्राइटनेस पूर्ण करून दुकानाच्या दारात उन्हात या. आत छान दिसणारा स्वस्त पॅनल उन्हात मरतो, आणि शेतावर फोन वापरणाऱ्या गिऱ्हाइकाची तक्रार तीच असते.

चिकटवण्याआधी अजून दोन ठिकाणी नजर टाका: फ्रेम वाकली आहे का, आणि बॅटरी फुगली आहे का. सरळ पट्टी फ्रेमवर उभी धरली की वाक कळतो. फुगलेली बॅटरी बोटाने हलकेच चाचपली की पोकळ, फुगीर लागते, किंवा मागचं झाकण आधीच उचललेलं असतं. फुगलेल्या बॅटरीवर नवीन डिस्प्ले बसवला तर आठवड्या-दोन आठवड्यांत तो आतून दाबला जाऊन जातो. ग्राहक म्हणणार तुमचा माल खराब. अशा वेळी बॅटरीसकटच काम घ्या. तो नको म्हणाला तर जॉब कार्डावर 'बॅटरी फुगलेली, ग्राहकाने बदलली नाही, डिस्प्लेला वॉरंटी नाही' असं लिहून सही घ्या. फुगलेली बॅटरी टोकदार हत्याराने उचकटू नका, ती पेट घेते.

वॉरंटीच्या चिठ्ठीवर मोघम 'एक महिना वॉरंटी' लिहिलं की भांडण आलंच. मी असं लिहिलेलं पसंत करतो: 'आपोआप टच बंद पडणे किंवा चित्र जाणे यासाठी ३० दिवस. काच फुटणे, दाबाने डाग किंवा रेष येणे, पाणी जाणे यास लागू नाही. बदलून डिस्प्ले मिळेल, रोख परत नाही.' फरक ओळखायला सोपा असतो. दाबाने गेलेल्या एलसीडीत एका बिंदूपासून काळं शाईसारखं पसरलेलं दिसतं आणि त्या जागी काच तिरक्या उजेडात बघितली की ठिणगीएवढा तडा सापडतो. पॅनल स्वतःहून गेलं असेल तर कडेपासून सरळ रेषा येतात किंवा अख्खी स्क्रीन लुकलुकते. डिस्प्लेच्या मागच्या बाजूला पर्मनंट पेनने तारीख आणि जॉब नंबर घाला. दुसऱ्या दुकानातून बसवलेला डिस्प्ले तुमचाच म्हणून परत आणणारे थोडे असतात, पण असतात.

बॅटरीला तीन महिने, चार्जिंग स्ट्रिपला पंधरा दिवस एवढं पुरे. पाण्यात पडलेल्या फोनला काहीच नाही, हे तोंडी आणि लेखी दोन्ही. आणि फोन अजून कंपनीच्या वॉरंटीत असेल तर तसं सांगून सर्व्हिस सेंटरला पाठवा. एक काम जाईल, माणूस राहील.

'संध्याकाळी मिळंल का?'

तासगावहून एसटीने आलेला माणूस काउंटरवर फोन ठेवतो आणि विचारतो, 'दादा, आज मिळंल का? परत यायला जमणार नाही बघा.' इथे 'बघतो' हे उत्तर सगळ्यात वाईट. काउंटरवरच काम चारपैकी एका खणात टाका. पार्ट दुकानात आहे: दोन तास. पार्ट सांगली-मिरजेत आहे: आज संध्याकाळ. कोल्हापूर किंवा पुण्याचा: परवा, म्हणजे एक दिवस हातचा राखून. बोर्डाचं काम: तारीख नाही, तीन दिवसांनी फोन करून निदान सांगू. उत्तर देण्याआधी पार्टवाल्याला फोन लावा. व्हॉट्सअ‍ॅपच्या यादीत पार्ट दिसतो म्हणजे तो कपाटात असतोच असं नाही.

दोन तास का, काम तर पाऊण तासाचं? कारण गमला वेळ लागतो. जुना गम खरवडून, फ्रेम अल्कोहोलने पुसून डिस्प्ले बसवायला अर्धा-पाऊण तास, आणि नंतर रबर किंवा क्लिपा लावून फोन निदान तासभर पडून राहायला हवा. बी-७००० जातीचा गम पूर्ण धरायला चोवीस तास आणि वर लागतात. घाईने दिलेला फोन खिशात वाकतो, एक कोपरा उचलतो, तिथून धूळ आणि पाणी आत जातं. म्हणून फोन देताना 'आजची रात्र पँटच्या खिशात ठेवू नका' एवढं सांगा. गम जास्तही नको. तो वरच्या जाळीतून इअरपीसमध्ये शिरला की आवाज बारीक होतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी हजर.

फोन घेतानाची पाच मिनिटं वाचवू नका. ग्राहकासमोर चार्जिंग, दोन्ही कॅमेरे, माइक, स्पीकर, नेटवर्क, फिंगरप्रिंट तपासून जॉब कार्डावर टिक करा. फोन बंदच असेल तर 'बंद अवस्थेत घेतला, इतर बिघाड तपासता आले नाहीत' असं लिहा. सिम आणि मेमरी कार्ड तिथल्या तिथे परत द्या. पार्ट मागवायचा असेल तर निदान पार्टच्या किमतीएवढा अ‍ॅडव्हान्स घ्या, नाहीतर मागवलेला डिस्प्ले तुमच्या कपाटात राहतो आणि माणूस नवा फोन घेऊन मोकळा होतो. जुना फोन विकत घेत असाल तर `*#06#` ने आयएमईआय काढा आणि `KYM` लिहून एक जागा सोडून तो नंबर 14422 वर एसएमएस करा. ब्लॉक केलेला असेल तर तिथेच कळतं. आयएमईआय बदलून द्या म्हणणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा, तो गुन्हा आहे.

हातात उरतं काय

आता एक काम पूर्ण मांडू. आकडे हिशोबापुरते धरले आहेत, तुमच्या मॉडेलचे घालून बघा. साध्या एलसीडीच्या फोनचा बऱ्या दर्जाचा डिस्प्ले ९५० रुपयांना पडला. पार्सलचा वाटा ४०, गम-अल्कोहोल-टिश्यू २०, वर फुकट लावून दिलेली टफन ग्लास १५. खर्च झाला १,०२५. ग्राहकाकडून घेतले १,७५०. वरवर ७२५ उरले.

पण बसवलेल्या वीस डिस्प्लेंपैकी दोन डिस्प्ले महिन्याभरात परत येतील असं धरा. एक होलसेलर बदलून देईल, त्यात गम, पार्सल आणि टफनचे ७५ जातील. दुसरा तुमच्या अंगावर, म्हणजे पुन्हा १,०२५. एकूण १,१००, वीस कामांत वाटले तर प्रत्येकी ५५. म्हणजे खरे उरले ६७०.

हाच डिस्प्ले ७०० लाही मिळतो. मग मार्जिन वाढलं? स्वस्त माल ग्राहकालाही स्वस्तातच द्यावा लागतो, समजा १,३५०. वरचे ७५ धरून खर्च ७७५, उरले ५७५. या मालात वीसपैकी पाच परत आले आणि गम लागल्यावर पार्टवाल्याने हात वर केले, तर पाच वेळा ७७५ म्हणजे ३,८७५, प्रत्येक कामावर १९४. हातात ३८१. शिवाय पाच भांडणं आणि पाच कामांचा फुकट गेलेला वेळ वेगळा.

दुकानाचा खर्च धरा: भाडं ९,०००, हाताखालचा पोरगा १०,०००, लाइट आणि नेट २,०००, किरकोळ १,५००. महिन्याला २२,५००, सव्वीस दिवसांनी भागलं तर रोज ८६५. म्हणजे रोज एक चांगला डिस्प्ले आणि तीन टफन ग्लास गेल्या की दुकान स्वतःच्या पायावर उभं. तुमची मजुरी त्यानंतर सुरू होते. घासाघीस करणाऱ्याला ३०० सोडताना हे डोळ्यांसमोर असू द्या. १,७५० मधले ३०० लहान वाटतात, पण ते ६७० मधून जातात. 'तेवढं कमी करा की' म्हणणाऱ्याला पैसे सोडण्यापेक्षा पन्नासचं बॅक कव्हर द्या. त्याला दीडशेची वस्तू मिळते.

अ‍ॅक्सेसरीज

टफन ग्लास पंधराला येते, लावून शंभरला जाते. कव्हर पन्नासचं दीडशेला. चार्जर अडीचशेचा चारशेला. टक्क्यांत टफन सगळ्यांच्या पुढे, म्हणून लोक भरमसाठ आणतात आणि तिथेच फसतात. टफन आणि कव्हर मॉडेलला बांधलेले असतात. मॉडेल जुनं झालं की पेटीभर माल मेला. चार्जर, केबल, इअरफोन बऱ्याच फोनना चालतात, त्यामुळे त्यात अडकलेले पैसे सुटतात, मात्र हलका चार्जर विकू नका. त्याने एखाद्याचा फोन जळाला तर चारशेच्या विक्रीत पाच हजारांचं भांडण येतं.

माझं मत असं की पहिल्या सहा महिन्यांत अ‍ॅक्सेसरीजमध्ये पन्नास हजारांपेक्षा जास्त घालू नयेत, आणि कव्हरं त्याच वहीत दिसलेल्या मॉडेलची आणावीत. दर महिन्याच्या शेवटी कपाट उघडून जे कव्हर तीन महिन्यांत हललं नाही ते बाहेर काढा आणि खरेदीच्या भावात विका. द्राक्षांचे पैसे हातात येतात ते दिवस आणि दिवाळी, या दोन वेळा नवे फोन जास्त निघतात. तेव्हाच नव्या मॉडेलचे टफन आणि कव्हर भरायचे, एरवी नाही.